तारखांऐवजी किल्ल्या: माझ्या आठवणींचा क्रम मी कसा लावला

चार वर्षं मी माझ्या आठवणी लिहीत होते आणि चारही वर्षं जन्मापासून सुरुवात करून पुढे पुढे जात होते, कारण आठवणी म्हटलं की असंच लिहायचं असतं असं डोक्यात होतं. 240 पानं झाली तेव्हा मी वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत पोचले होते आणि तिथे जी थांबले ती आठ महिने थांबले. कंटाळा नव्हता आला. लिहायला बसलं की वाक्य सुरूच व्हायचं "परत एकदा" ने, आणि ते बघून पेन खाली ठेवावंसं वाटायचं.

एक दिवस मी मागची सगळी पानं चाळून पेन्सिलीने खुणा केल्या. "परत", "पुन्हा", "दरम्यान", "मागे सांगितल्याप्रमाणे" हे शब्द कुठे कुठे येतात. 41 नुसते "परत" निघाले. परत नोकरी सोडली, परत घर बदललं, भाऊ परत प्यायला लागला, परत व्यसनमुक्ती केंद्रात, परत माझ्याकडे राहायला. माझं आयुष्य असंच आहे हो, पाच नोकऱ्या, त्यातल्या एका ठिकाणी दोनदा, चौदा घरं, एक भाऊ जो जातो आणि येतो, आणि कान जे एकदम नाही गेले, थोडे थोडे जात राहिले. यातलं काहीच एकदा घडून संपलं नाही. तर अशी गोष्ट वयाप्रमाणे सांगायला गेलं की काय होतं, भावाचं पहिलं केंद्र पान 90 वर, दुसरं पान 200 वर, आणि मधल्या 110 पानांत वाचणारा पहिलं विसरूनसुद्धा गेलेला. मग "मागे सांगितल्याप्रमाणे". ज्यांना आपलंही लिखाण अडलंय असं वाटतं त्यांनी ही मोजणी करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. "परत" दोन-चार असतील तर तारखेचा क्रम चालेल तुम्हाला, उगीच मोडतोड करू नका.

मग मी कार्डं केली. जाड कागदाचे तळहाताएवढे तुकडे, एका कार्डावर एकच घटना, एका ओळीत. वर कोपऱ्यात माझं तेव्हाचं वय, साल नाही, कारण साल वाचून मलाच काही आठवत नाही पण "वय 31" म्हटलं की कुठल्या घरात होते, अंगावर काय होतं सगळं येतं. खाली तेव्हा तिथे कोण कोण होतं ते. आणि मागच्या बाजूला एक वस्तू, जी त्या प्रसंगात खरंच होती, डोळ्याला दिसणारी. हे वस्तूचं मी सहज ठरवलं होतं, आठवायला सोपं जावं म्हणून, पण पुढे सगळं त्याच्यावरच तरलं. एकूण 163 कार्डं झाली. तीन आठवडे गेले.

पहिल्यांदा मी जे ढीग केले ते साफ फसले. मी नावं काय दिली होती तर संघर्ष, नाती, विश्वासघात, क्षमा. आता हसू येतं, शाळेतल्या निबंधाचे मुद्दे असावेत तसे. "संघर्ष" मध्ये 163 पैकी 90 कार्डं जाऊन पडली. ज्या ढिगात अर्ध्याहून जास्त कार्डं जातात तो विषयच नसतो, ते म्हणजे नुसतं "माझं आयुष्य" ला दुसरं नाव. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. "क्षमा" असं नाव दिल्यावर त्या ढिगातलं प्रत्येक कार्ड मी आपोआप क्षमेकडे ओढत होते. भावाने मला न सांगता माझ्या कपाटातले पैसे घेतले होते त्या प्रसंगाचा शेवट मी असा लिहिला की मी त्याला माफ केलं. अहो, नव्हतं केलं. चार वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नव्हते! ढिगाच्या नावाने माझ्याकडून खोटं लिहून घेतलं.

मग सगळी कार्डं उलटी केली. म्हणजे घटनेची बाजू खाली, वस्तूची बाजू वर, आणि नुसत्या वस्तू वाचत एकसारख्या एकत्र ठेवल्या. ही युक्ती कुठून सुचली आठवत नाही, बहुतेक चिडूनच केलं असेल. दोन तासांनी जमिनीवर जे दिसलं ते बघून मी खाली बसले. किल्ली हा शब्द 22 कार्डांवर होता. मी कधीच ठरवून किल्ल्यांबद्दल लिहिलं नव्हतं. कार्डं सुलटी केली तर त्यात निम्मी भावाची होती आणि निम्मी घरं बदलल्याची, जे मी इतकी वर्षं दोन वेगळे विषय समजत होते.

ही कार्डं वयाप्रमाणे ओळीने लावली तेव्हा गोष्ट अशी दिसली. वय 24, पहिलं भाड्याचं घर, भाऊ पहिल्या केंद्रातून नुकताच आलेला, मी त्याला जास्तीची किल्ली दिली. वय 31, ते पैशांचं प्रकरण, दुसरं केंद्र, मी किल्ली काढून घेतली. वय 35, नवीन घर, परत दिली. वय 41, तिसरं केंद्र, यावेळी किल्ली मागितलीच नाही, सरळ कुलूप बदललं आणि त्याला सांगितलंही नाही. वय 47, आई गेली, तिच्या घराच्या दोन किल्ल्या, एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. वय 52, चौथ्यांदा केंद्रात जायच्या आदल्या दिवशी त्याने माझ्या घराची किल्ली स्वतःहून टेबलावर ठेवली, मी काही म्हटलंच नव्हतं. 240 पानांत मी भावाच्या दारूबद्दल लिहिलं होतं, आणि इथे जे समोर होतं ते माझ्याबद्दल होतं, मी कधी दार उघडं ठेवते आणि कधी न सांगता कुलूप बदलते. तारखेच्या क्रमात हे दिसणं शक्यच नव्हतं कारण दोन किल्ल्यांमध्ये दरवेळी साठ-सत्तर पानं होती.

असे पाच ढीग झाले शेवटी: किल्ल्या, कान, उसने पैसे, राजीनामे, आईची पत्रं. 163 पैकी 45 कार्डं कुठेच बसली नाहीत आणि ती मी काढून टाकली. त्यात माझी आवडती होती, एक तर प्रवासातली इतकी सुंदर आठवण होती की ती ठेवायला मी दोन दिवस "प्रवास" नावाचा सहावा ढीग करून बघितला. तीन कार्डांचा ढीग. गेली ती पण.

आता जे सगळ्यात जास्त छळतं ते सांगते. एकच घटना तीन ढिगांत हवी असते. माझं आई गेल्याचं कार्ड. मला मधल्या कानाचा आजार आहे, आतलं एक बारीक हाड हळूहळू हलेनासं होतं आणि ऐकू येणं कमी होत जातं, वयाच्या 42 पासून मी मशीन लावते. रात्री झोपताना मशीन काढून ठेवायचं. आई गेली त्या रात्री फोन अकरा वेळा वाजला आणि मला एकदाही ऐकू आला नाही. भाऊ तिच्याजवळ होता, तेव्हा तो पीत नव्हता, त्याने सगळं एकट्याने केलं आणि पहाटे माझ्या दाराशी आला. त्याच्याकडे माझी किल्ली नव्हती कारण मी कुलूप बदललं होतं. बेल वाजवून उपयोग नव्हता. तो उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिला.

हे कान मध्ये जातं की किल्ल्यांमध्ये? आणि आईच्या पत्रांमध्ये नको का? पहिल्या खर्ड्यात मी तिन्हीकडे पूर्ण लिहिलं, प्रत्येकी चार-पाच पानं, थोडं थोडं बदलून. माझ्या मैत्रिणीने वाचलं आणि म्हणाली, "अगं, पहिल्यांदा मी रडले, दुसऱ्यांदा पानं उलटली, तिसऱ्यांदा मला तुझा राग आला." तेव्हा मी नियम केला की मोठी घटना पूर्ण एकदाच सांगायची, बाकीच्या ठिकाणी एका वाक्यात, आणि त्या वाक्यात काहीतरी असं हवं जे पूर्ण सांगताना सांगितलेलं नाही. पूर्ण कुठे सांगायची हे ठरवायला मी स्वतःला विचारलं की कुठला ढीग या घटनेशिवाय कोसळेल. पत्रं आईशिवायही उभी राहतात, ती पत्रंच आहेत. कान पण उभं राहतं, त्यात इतर फजित्या भरपूर आहेत. किल्ल्यांचं प्रकरण मात्र त्या पायरीशिवाय अर्धं आहे, कुलूप बदलल्याची किंमत तिथेच चुकवली ना मी. म्हणून पूर्ण किल्ल्यांमध्ये. कान मध्ये एवढंच राहिलं की मशीन त्या रात्री कुठल्या डबीत होतं आणि त्या दिवसापासून मी फोन उशीखाली ठेवते, थरथर कळावी म्हणून. पत्रांमध्ये एवढंच की शेवटचं पत्र तिने अर्धं लिहून ठेवलं होतं.

हे सुटलं तर नवीन निघालं. किल्ल्यांमध्ये आई गेली, आणि पुढच्या प्रकरणात, उसने पैसे मध्ये, ती हसत हसत मला पैसे देतेय. वाचणाऱ्याला दचकायला होतं. मैत्रिणीने समासात लिहिलं होतं, "ही परत कशी आली??" आधी मी प्रत्येक ठिकाणी "तेव्हा आई होती" असं घालत सुटले आणि त्याने लिखाणाला सुतकी कळा आली.

उपाय मला फार जुन्या ठिकाणी सापडला. सुएटोनियस नावाचा रोमन चरित्रकार, दुसऱ्या शतकातला, त्याने सम्राट ऑगस्टसच्या चरित्रात नवव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय की आता मी भाग एकेक करून सांगणार, काळाच्या क्रमाने नाही तर प्रकारांप्रमाणे. हे वाक्य अनेक जण सांगतात पण त्याच वाक्याची सुरुवात सोडून देतात. सुरुवातीला तो म्हणतो की आयुष्याचा जणू गोषवारा आधी मांडून झाला आहे. म्हणजे आधी थोडक्यात सगळं सांगून टाकलं आणि मग तोडलं! मी तेच केलं. पुस्तकाच्या सुरुवातीला दीड पान, अगदी कोरडं, वयं आणि काय झालं ते. या वयात ही नोकरी, या वयात भाऊ केंद्रात, 47 व्या वर्षी आई गेली. कसलंही वर्णन नाही. एकदा ते सांगितलं की मृत माणूस पुढच्या प्रकरणात हसला तरी चालतं, उलट वाचणाऱ्याला माहीत असतं म्हणून त्या हसण्याला वजन येतं. आपण रहस्य राखायच्या नादात हे आधी सांगत नाही, पण आई गेली हे काही रहस्य नाही, ते पान 70 वर कळलं काय आणि पान 2 वर कळलं काय. रहस्य असेल तर ते पायरीचं आहे, आणि ते मी दीड पानात घातलेलं नाही.

प्रकरणाच्या आत मात्र मी काळ मोडला नाही. आत सरळ वयाप्रमाणे, आणि पहिल्या दोन-तीन ओळींत वय येतंच. विषयही मोडलेला आणि आतला काळही मोडलेला असं एका प्रकरणात करून बघितलं होतं, मलाच दुसऱ्या दिवशी कळेना काय आधीचं आणि काय नंतरचं.

प्रकरणांचा आपसातला क्रम कसा लावायचा यावर मी खूप वेळ घालवला. इटालियन रसायनशास्त्रज्ञ आणि लेखक प्रिमो लेव्हीचं द पिरियॉडिक टेबल, 1975 चं, त्यात 21 प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाला एका मूलद्रव्याचं नाव आहे, लोक ते विषयवार आठवणींचं उदाहरण म्हणून देतात. मी ते याच प्रश्नासाठी परत वाचलं तर लक्षात आलं की मधली एक-दोन कल्पित प्रकरणं सोडली तर बरचसं त्याच्या वयाच्या क्रमानेच चाललंय, पूर्वजांपासून, शाळा, विद्यापीठ, युद्ध, नोकरी. नावं विषयांची, पण खाली पट्टी काळाची. त्याला ते जमतं कारण त्याचं प्रत्येक द्रव्य एकेका काळात येऊन जातं. माझी किल्ली 24 ते 52 पसरलीय, कान त्याहून लांब, ते एकामागे एक लावता येत नाहीत. म्हणून मी वेगळी पट्टी घेतली, मला कुठली गोष्ट कधी समजली. राजीनाम्यांबद्दलची समज मला चाळिशीतच आली होती, ते पहिलं. पैशांचं नंतर. किल्ल्यांचं तर कार्डं उलटी केली तेव्हा, म्हणजे एकसष्टाव्या वर्षी, ते जवळजवळ शेवटी. पण मग आईचा मृत्यू आणि पैशांचं प्रकरण यांची जागा बदलली आणि "ही परत कशी आली" निम्मं आपोआपच मिटलं. दीड पान तरी ठेवलंच, पत्रांसाठी लागतं.

इथे एक मूर्खपणा केला तो सांगून टाकते. क्रम पक्का व्हायच्या आधी मी माणसांच्या ओळखी नीट करत बसले, म्हणजे भावजय पहिल्यांदा जिथे येते तिथे ती कोण वगैरे. मग प्रकरणं हलली आणि ती दुसऱ्या प्रकरणात नुसत्या नावाने येऊन बसली आणि तिची ओळख पाचव्यात. असे नऊ जण. दोन आठवडे पाण्यात. आता एका कागदावर माणसांची यादी आहे, समोर पहिलं पान कुठलं ते, पेन्सिलीने, आणि ते काम अगदी शेवटी.

आणि या पद्धतीत जे हरवतं ते पण सांगायला पाहिजे. माझं 41 वं वर्ष. त्या एका वर्षात, आठ महिन्यांत खरं तर, मी नोकरी सोडली, कानाची तपासणी होऊन आजाराचं नाव कळलं, भाऊ तिसऱ्यांदा केंद्रात गेला आणि मी कुलूप बदललं. विषयवार लावल्यावर हे तीन प्रकरणांत वाटलं गेलं आणि प्रत्येक ठिकाणी मी अगदी शांतपणे, विचार करून निर्णय घेतलेली बाई दिसत होते. खोटं आहे ते. मी कुलूप बदललं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की ऐकू येणं कमी होत जाणार, आणि मला भीती होती की रात्री तो पिऊन आत आला तर मला कळणारही नाही. कारण एका ढिगात आणि कृती दुसऱ्या ढिगात! म्हणून सहावं प्रकरण लिहिलं, नाव "एक्केचाळीस", आणि ते पूर्ण महिन्यांप्रमाणे, जानेवारी ते ऑगस्ट, सगळं एकत्र कोंबून. अख्ख्या पुस्तकात तेवढंच प्रकरण दम लागल्यासारखं वाचलं जातं आणि मला ते तसंच हवंय.

दुसरी तपासणी अशी केली की वापरलेली 118 कार्डं परत वयाप्रमाणे एका रांगेत मांडली, फक्त भोकं बघायला. विषयवार लिहिताना लपवणं फार सोपं असतं, जे नको ते कुठल्याच विषयात बसत नाही असं म्हणायचं की झालं. माझ्या रांगेत 27 ते 30 एकही कार्ड नव्हतं. तेव्हा माझं लग्न झालं होतं आणि मोडलं होतं. त्याच्या वस्तू मला आठवतात, सगळ्या आठवतात. बरेच दिवस विचार केला आणि ठरवलं की नाही लिहायचं, पण दीड पानात एक ओळ टाकली, "27 ते 30 लग्न. त्याबद्दल या पुस्तकात काही नाही." भोक आहे हे वाचणाऱ्याला दिसू दे, ते मी बुजवलंय असं नको.

गेल्या महिन्यात किल्ल्यांचं प्रकरण आणि ते दीड पान भावाला वाचायला दिलं. त्याच्याबद्दल इतकं आहे म्हटल्यावर द्यायलाच हवं होतं, आणि खरं सांगायचं तर पोटात गोळा होता. त्याने तीन दिवस ठेवून घेतलं. मग आला, चष्मा काढला, म्हणाला, "ताई, एक चुकलंय. 31 ला तू किल्ली काढून घेतलीस असं लिहिलंयस."

"घेतलीच होती."

"घेतलीस. पण मी आधीच दुसरी करून घेतली होती."

दोन वर्षं ती त्याच्याकडे होती म्हणे. दुपारी मी कामावर असताना तो यायचा, दोन तास झोपायचा, चादर होती तशी करून जायचा. काही घेतलं नाही कधी, तो म्हणाला, आणि मी विश्वास ठेवते, म्हणजे आज ठेवते. मग म्हणाला, "एकदा तर तू घरातच होतीस. रजा असेल. आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून काहीतरी लिहीत होतीस. मी कुलूप उघडलं, दार करकरलं, मी चपलासुद्धा काढल्या, मग तू दिसलीस. तसाच परत गेलो. तुला कळलंच नाही."

मी विचारलं तेव्हा माझं वय काय असेल. त्याने हिशोब केला, म्हणाला 33.

कान च्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे की ऐकू कमी येतंय हे पहिल्यांदा जाणवलं तेव्हा मी 39 वर्षांची होते. 164 वं कार्ड केलंय, कोपऱ्यात 33, मागे किल्ली लिहिलं, मग खोडून दार लिहिलं, मग दोन्ही. पूर्ण एकदाच सांगायचं हा माझाच नियम. दोन आठवडे झाले, कार्ड अजून दोन ढिगांच्या मधे जमिनीवरच पडलंय, आणि केर काढताना मी ते उचलते आणि परत तिथेच ठेवते.